अकरावीचे बारा कसे वाजतात

२१ मे २०२५ रोजी अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. त्या दिवशी संकेतस्थळ चालले नाही. शिक्षण विभागाने नवा मुहूर्त दिला : २६ मे, सकाळी अकरा वाजता. तोवर ही ऑनलाइन प्रक्रिया मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. लातूर-नांदेडकडे अकरावीचा अर्ज म्हणजे महाविद्यालयाच्या खिडकीवर जाऊन भरायचा कागद. संपूर्ण राज्य पहिल्यांदाच एका दारातून आत जाणार होते आणि पहिल्याच दिवशी दार अडकले.

त्यानंतर जे स्पष्टीकरण सगळीकडे ऐकू आले ते नेहमीचेच होते. एवढी लाखो मुले एकदम आली, सर्व्हरला झेपले नाही, पुढच्या वेळी मोठा सर्व्हर घ्या. हे मत पालकांचे आहे, बातम्यांचे आहे आणि बहुतेक कार्यालयांचेही आहे. मला ते उथळ वाटते. विद्यार्थ्यांचा आकडा म्हणजे यंत्रणेवरचा भार नव्हे. भार तीन गोष्टींनी ठरतो : आपण माणसांना कोणत्या क्षणी बोलावतो, आलेला प्रत्येक जण आत किती वेळ राहतो आणि काम न झाल्यामुळे त्याला किती वेळा परत यावे लागते. या तिन्ही गोष्टी आयोजकाच्या हातात असतात, तिन्ही आधी मोजता येतात. ज्या लोड टेस्टमध्ये त्या मोजल्या जात नाहीत ती टेस्ट म्हणजे फाइलला लावायचा एक कागद.

२१ मे रोजी आतमध्ये नेमके काय तुटले याचा पंचनामा मी इथे करणार नाही. अशा प्रवेशाचे गणित कसे मांडायचे, हे एका उदाहरणावरून दाखवतो. त्यातले गृहीत आकडे जिथे येतील तिथे गृहीत म्हणूनच सांगेन.

१. तीच मुले, आठ दिवस आधी

१३ मे २०२५ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थी होते सुमारे १५ लाख ४६ हजार, उत्तीर्ण झाले सुमारे १४ लाख ५५ हजार. राज्यात शंभर टक्के मिळवणारे २११, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. निकाल पाहायला आलेली मुले आणि आठ दिवसांनी प्रवेशाला येणारी मुले जवळपास तीच होती. दोन्ही वेळा मुहूर्त ठरलेला, दोन्ही वेळा घरात तीच धाकधूक.

पण काम वेगळे होते. निकाल म्हणजे वाचन. आसन क्रमांक आणि आईचे नाव टाकले की आधीच तयार असलेले एक पान उघडते. त्या पानाच्या हव्या तेवढ्या प्रती काढून चार-पाच संकेतस्थळांवर ठेवता येतात, तशा त्या ठेवल्याही जातात. एक संथ झाले तर मुलगा दुसऱ्याकडे जातो. प्रवेश म्हणजे लेखन. खाते उघडायचे, गुण तपासायचे, आरक्षणाचा तपशील भरायचा, कागदपत्रे चढवायची, शंभर रुपये शुल्क भरायचे आणि एक ते दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावायचा. यातली प्रत्येक पायरी एकाच मध्यवर्ती डेटाबेसमध्ये काहीतरी नोंदवते, आणि त्या डेटाबेसच्या पाच प्रती करून पाच जणांना वाटता येत नाहीत. 'निकालाला चालते, मग प्रवेशाला का नाही?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. डोकी तेवढीच असली तरी प्रत्येक डोक्यामागचे काम कित्येक पटींनी वाढलेले असते.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अकरावीची जागा गुणवत्तेवर मिळते. पहिल्या मिनिटाला अर्ज भरलेल्या औशाच्या मुलीला आणि शेवटच्या दिवशी भरलेल्या किनवटच्या मुलाला, गुण सारखे असतील तर, यादी लागताना काडीचाही फरक पडत नाही. तत्काळ तिकिटाचे तसे नाही. तिथे सेकंदागणिक जागा संपतात आणि धावण्याला अर्थ असतो. तरीही रेल्वेने जून २०१५ पासून तत्काळचे आरक्षण दोन भागांत सोडायला सुरुवात केली : वातानुकूलित डब्यांचे दहा वाजता, बाकीचे अकरा वाजता. जिथे घाई खरी आहे तिथे गर्दीची फोड केली गेली, आणि जिथे घाईला काहीच कारण नाही तिथे आख्ख्या राज्याला एकच वेळ दिली गेली. २१ तारखेचा अनुभव गाठीशी असूनही २६ तारखेला पुन्हा सगळ्यांसाठी एकच ठोका ठरला. पुढे ढकलण्याचा निर्णय माझ्या मते बरोबरच होता. अर्धवट उघडून दिवसभर लोकांना झुलवण्यापेक्षा ते बरे. पण ढकललेल्या दिवसालाही लाट तीच, तशीच बोलावली गेली.

२. सरासरी माणसाला झोपवते

आता हिशेब. समजा १२ लाख मुले नोंदणी करणार आहेत आणि मुदत आठ दिवसांची आहे. आठ दिवसांत सुमारे ६ लाख ९१ हजार सेकंद असतात. भागाकार केला तर सेकंदाला दोनसुद्धा मुले येत नाहीत. या आकड्यावर नियोजन केले तर एखादा साधा सर्व्हरही ऐटीत पुरेल. बैठकीत असा तक्ता दाखवला की सगळ्यांचे समाधान होते.

पण मुले सेकंदामागे वाटून येत नाहीत. समजा पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, म्हणजे तीन लाख मुले आली. त्यांतली निम्मी पहिल्या तासात आली. दीड लाख भागिले ३,६०० म्हणजे सेकंदाला सुमारे ४२. या दीड लाखांतला पाचवा हिस्सा घड्याळाकडे डोळे लावूनच बसलेला असतो आणि पहिल्या पाच मिनिटांत येतो. तीस हजार भागिले ३०० म्हणजे सेकंदाला शंभर. सरासरीच्या जवळपास साठपट.

हे हिस्से मी गृहीत धरले आहेत, पण कोणत्याही विभागाला ते अंदाजाने धरायची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या आधीच्या वर्षांच्या नोंदींत प्रत्येक लॉगिनची वेळ असते. त्यावरून पहिल्या दिवसाचा, पहिल्या तासाचा आणि पहिल्या पाच मिनिटांचा हिस्सा एका दुपारी काढता येतो. तो काढून राज्याच्या संख्येला लावायचा आणि वर थोडी सूट ठेवायची. मराठवाड्यासाठी ही सूट जरा जास्त असावी, कारण जिथे लोक पहिल्यांदाच ऑनलाइन येतात तिथे 'लवकर भरलेले बरे' ही भीती अधिक असते. त्यात लातूरच्या विज्ञान शाखेच्या नामांकित महाविद्यालयांकडे धाराशिव, परभणी, बीड, सोलापूरकडचीही मुले डोळे लावून बसलेली असतात.

३. आत किती जण कोंबले आहेत

सेकंदाला किती जण येतात हा अर्धाच प्रश्न झाला. आलेला प्रत्येक जण आत किती वेळ राहतो, हा उरलेला अर्धा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे लागू पडतो, आणि तो इतका साधा आहे की कोणी त्याला नियम म्हणावे याचेच नवल वाटते :

L = λ × W

आत असलेल्यांची संख्या (L) म्हणजे येण्याचा वेग (λ) गुणिले प्रत्येकाचा आतला वेळ (W). सेवा केंद्राच्या खिडकीवर मिनिटाला दोन माणसे येत असतील आणि प्रत्येकाला दहा मिनिटे लागत असतील, तर केंद्रात कायम वीस माणसे दिसतील.

आपल्या उदाहरणात सेकंदाला ४२ मुले येतात. अर्ज भरायला पंचवीस मिनिटे, म्हणजे १,५०० सेकंद लागतात असे धरू. ४२ गुणिले १,५०० म्हणजे ६३ हजार मुले एकाच वेळी आत. आता पाने जरा संथ झाली आणि त्याच अर्जाला चाळीस मिनिटे लागू लागली, तर आतली संख्या एक लाखावर जाते. बाहेरून एकही जादा मूल आलेले नाही. यंत्रणेने स्वतःच्या संथपणातून स्वतःसाठी ३७-३८ हजारांची नवी गर्दी तयार केली. 'अपेक्षेपेक्षा जास्त विद्यार्थी आले' असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते. विद्यार्थी अपेक्षेइतकेच आलेले असतात, पण बाहेर पडलेले नसतात.

हाच नियम एक पायरी खाली उतरून डेटाबेसला लावला की खरी अरुंद जागा दिसते. एका अर्जात सर्व्हरकडे साधारण साठ रिक्वेस्ट जातात असे धरले, तर ४२ गुणिले ६० म्हणजे सेकंदाला अडीच हजार रिक्वेस्ट. प्रत्येकीला डेटाबेसचे काम वीस मिलिसेकंद असेल, तर कोणत्याही क्षणी पन्नास जोडण्या गुंतलेल्या राहतील. दोनशे जोडण्या ठेवल्या असतील तर निवांत. पण एखादी क्वेरी बिघडून सरासरी काम दोनशे मिलिसेकंदांवर गेले तर पाचशे जोडण्या लागतात. दोनशे जोडण्यांतून सेकंदाला हजारच रिक्वेस्ट बाहेर पडतात, दीड हजार मागे राहतात. मिनिटभरात नव्वद हजारांची रांग. बाहेर पाहणाऱ्याला वाटते की सर्व्हर अचानक मेला. प्रत्यक्षात एका क्वेरीचा वेळ दहापट वाढला आणि बाकी सगळे गणिताप्रमाणे झाले. (पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा शंभर असते. ती तशीच राहून गेली आहे का, हे उद्घाटनाच्या दिवशी कळणे फार महाग पडते.)

अकरावीच्या प्रवेशात अशी क्वेरी कोणती असू शकते? माझे बोट महाविद्यालयांच्या शोधाकडे जाते. राज्यात नऊ हजारांवर कनिष्ठ महाविद्यालये, त्यांच्या शाखा, माध्यमे, अनुदानित-विनाअनुदानित तुकड्या. मूल जिल्हा बदलते, तालुका बदलते, शाखा बदलते, आणि दर बदलाला डेटाबेसला नवा प्रश्न विचारला जातो. पसंतीक्रम लावताना एकेक जण हे वीस-पंचवीस वेळा सहज करतो. आधी नांदेडची सगळी पाहतो, मग लातूरची, मग पुन्हा नांदेडची. पण महाविद्यालयांची यादी नोंदणीच्या काळात बदलत नाही. जिल्हानिहाय एकेक फाइल करून ठेवली तर लातूर जिल्ह्याची यादी एकदाच मुलाच्या फोनवर उतरेल आणि पुढचे सगळे चाळणे फोनमध्येच होईल. डेटाबेसच्या वाट्याला फक्त शेवटचे 'जतन करा' येईल. या एका बदलाने अडीच हजारांतल्या किती रिक्वेस्ट गळतील हे मोजून पाहावे. मोठ्या सर्व्हरची निविदा त्यानंतर काढावी.

४. परत परत येणारी मुले

पान उघडले नाही की माणूस काय करतो? थांबत नाही. नांदेडच्या भाग्यनगरसारख्या शिकवण्यांच्या भागातल्या कोणत्याही नेट कॅफेत जाऊन बघा. 'काका, नुसतं गोल फिरायलंय,' असे पोरगी म्हणते आणि काका रिफ्रेश मारतात. तोवर तिचा भाऊ मोबाइलवर तेच पान उघडतो, आणि गावाकडून मामा फोन करून विचारतात, 'मी इकडून टाकून बघू का?' एका अर्जासाठी तीन यंत्रे झगडू लागतात. त्यांतली दोन सर्व्हरच्या लेखी नवी गिऱ्हाइके असतात.

यालाही गणित आहे. प्रत्येक प्रयत्न फसण्याची शक्यता p असेल आणि माणूस काम होईपर्यंत प्रयत्न करत राहिला, तर सरासरी प्रयत्न होतात 1/(1 − p). निम्मे प्रयत्न फसले तर भार दुप्पट. दहांतले आठ फसले तर पाचपट. भार वाढला की फसण्याचे प्रमाण वाढते, ते वाढले की भार आणखी वाढतो. म्हणूनच पडलेली यंत्रणा नुसती पुन्हा चालू केली की दोन मिनिटांत पुन्हा पडते. बाहेर थोपलेली सगळी गर्दी एका क्षणात आत घुसते, आणि नुकत्याच उठलेल्या सर्व्हरच्या स्मृतीत काहीही तयार नसते.

उपाय दारावर करायचा असतो. आत किती जणांना नीट सांभाळता येईल हे टेस्टमधून काढायचे. समजा तो आकडा पन्नास हजार आला, तर पन्नास हजार एकाव्याला डेटाबेसपर्यंत जाऊच द्यायचे नाही. त्याला एक साधे, हलके पान दाखवायचे : तुमचा क्रमांक अमुक, अंदाजे इतकी मिनिटे, पान आपोआप उघडेल, रिफ्रेश केल्याने क्रमांक पुढे सरकत नाही. शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे. थांबण्याची वेळ कळली की कॅफेतले काका दुसऱ्या मुलाचे काम घेतात आणि मामांचा फोन येत नाही. भार कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि त्यात सर्व्हरला हातही लावावा लागत नाही.

शुल्काच्या पायरीवर मात्र परत येणे महागात पडते. 'पैसे कटले, पावती आली नाही' ही तक्रार गर्दीच्या दिवशी हमखास येते, कारण बँकेकडून आलेला होकार घ्यायला आपला सर्व्हर मोकळा नसतो. मूल पुन्हा शंभर रुपये भरते. यासाठी प्रत्येक अर्जाला एकच कायमचा व्यवहार क्रमांक हवा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवा व्यवहार न करता जुन्याचे उत्तर परत द्यायचे. त्याहून सरळ मार्ग म्हणजे शुल्क पहिल्या दिवसाच्या वाटेतून काढून टाकणे. अर्ज आज जतन होऊ द्या, पैसे मुदत संपेपर्यंत केव्हाही भरू द्या.

५. देखाव्याची टेस्ट आणि कामाची टेस्ट

नोंदणीआधी, १९ आणि २० मे रोजी, विद्यार्थ्यांना सरावाची संधी दिली होती. कल्पना चांगली होती, पण तिला लोड टेस्ट समजण्याचा मोह टाळला पाहिजे. सरावात मुले दोन दिवसांत सवडीने विखरून येतात. तिथे काही पणाला लागलेले नसते, त्यामुळे घड्याळाकडे कोणी पाहत नाही आणि कोणी रिफ्रेश मारत नाही. सरावात परीक्षा होते ती विद्यार्थ्याची. मात्र त्यातून एक अनमोल गोष्ट मिळते : खऱ्या मुलाला खरोखर किती मिनिटे लागतात, कोणत्या पानावर तो अडतो, महाविद्यालयांची यादी किती वेळा उघडतो. वर मी पंचवीस मिनिटे आणि साठ रिक्वेस्ट गृहीत धरल्या. सरावाच्या नोंदींतून हे आकडे खरे मिळतात आणि त्यांवर लोड टेस्ट उभी करायची असते.

लोड टेस्टची सर्वांत मोठी फसवणूक तिच्या रचनेतच असते. नेहमीची टेस्ट अशी : दहा हजार काल्पनिक वापरकर्ते तयार करा, प्रत्येक जण एक पान मागेल, उत्तर आले की दुसरे मागेल. यात सर्व्हर संथ झाला की वापरकर्तेही संथ होतात, कारण उत्तर येईपर्यंत ते पुढचे मागतच नाहीत. टेस्टच सर्व्हरला दम घ्यायला वेळ देते आणि अहवालात सगळे छान दिसते. खरी मुले अशी सभ्यपणे थांबत नाहीत. आतल्यांचे उत्तर येवो न येवो, अकरा वाजून एक मिनिटाने सेकंदाला आणखी शंभर दारात येतातच. म्हणून टेस्टमध्ये वापरकर्त्यांची संख्या न बांधता येण्याचा वेग बांधायचा असतो. `k6` या साधनात त्यासाठी `ramping-arrival-rate` हा वेगळा प्रकार आहे. `JMeter` मधला साधा `Thread Group` मात्र पहिल्या, सभ्य प्रकारचा. टेस्टचा अहवाल समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारावा : सर्व्हर संथ झाल्यावर तुमचे वापरकर्ते यायचे थांबले का?

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. '९९ टक्के रिक्वेस्ट यशस्वी' हे वाक्य कोणत्याही बैठकीत टाळ्या घेईल. पण एका मुलाच्या वाटेत साठ रिक्वेस्ट आहेत. साठच्या साठ यशस्वी होण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा साठावा घात, सुमारे ५५ टक्के. शंभरांतल्या ४५ मुलांना कुठे ना कुठे ठेच लागणार, आणि त्यांतली बरीच रिफ्रेश मारून मागच्या प्रकरणातले गणित सुरू करणार. ९९.९ टक्के केले तरी शंभरांत सहा अडतात. बारा लाखांत हे बहात्तर हजार होतात. जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयाचे फोन दिवसभर वाजण्यासाठी तेवढे पुरेसे आहेत.

तिसरी गोष्ट टेस्टच्या ठिकाणाची. टेस्ट होते डेटा सेंटरच्या जवळच्या वेगवान लाइनवरून. किनवट किंवा मुखेडचे मूल येते मोबाइलच्या कमकुवत रेंजवरून. त्याचा दाखल्याचा फोटो चढायला दोन मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ सर्व्हरची एक जोडणी अडकून राहते. हीच टेस्ट पाचशे केबी फाइल आणि मुद्दाम संथ केलेल्या लाइनवर घेतली तर निकाल वेगळा येतो. शिवाय मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात, आणि नेट कॅफेतली वीस यंत्रे तर एकाच पत्त्यावरून बोलतात. 'एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याच रिक्वेस्ट' असा सुरक्षेचा नियम लावला की यंत्रणेला कॅफे हल्लेखोर वाटतो. ज्याच्या घरी स्वतःचे वाय-फाय आहे तो आत जातो, आणि ज्याला कॅफेशिवाय पर्याय नाही तो बाहेर राहतो. हा अन्याय कोणी ठरवून करत नाही. टेस्ट मोजक्या ओळखीच्या पत्त्यांवरून होते आणि त्या पत्त्यांना आधीच परवानगी दिलेली असते, म्हणून तो उद्घाटनापर्यंत दिसत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : आता क्लाउड आहे, गर्दी वाढली की यंत्रे आपोआप वाढतात, मग एवढा हिशेब कशाला? वाढतात, पण नवे यंत्र उभे राहून कामाला लागायला काही मिनिटे जातात, आणि आपली लाट पहिल्या पाच मिनिटांचीच आहे. शिवाय वाढतात ती पुढची, पाने दाखवणारी यंत्रे. मागचा डेटाबेस तसा वाढत नाही. पुढे यंत्रे दुप्पट झाली की मागे जोडण्या मागणारेही दुप्पट होतात आणि अरुंद जागेवरची चेंगराचेंगरी वाढते. ठरलेल्या मुहूर्ताला यंत्रे आदल्या रात्रीच वाढवून, तापवून ठेवायची असतात.

काही अरुंद जागा तर आपल्या मालकीच्याही नसतात. ८ मार्च २०२१ रोजी ट्रायच्या नव्या नियमानुसार दूरसंचार कंपन्यांनी व्यावसायिक एसएमएसची छाननी सुरू केली आणि देशभर बँकांपासून लसनोंदणीपर्यंत ओटीपी पोहोचेनासे झाले. दुसऱ्याच दिवशी ती छाननी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. त्या दिवशी कोणाचाही सर्व्हर लहान नव्हता. ज्या पोर्टलची पहिली पायरी ओटीपी आहे, त्याची क्षमता एसएमएस पुरवठादाराच्या सेकंदाच्या मर्यादेएवढीच. ती मर्यादा तीस असेल तर सेकंदाला शंभर मुलांसाठी आतली कितीही मोठी यंत्रणा शोभेचीच ठरते.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो मला मान्य आहे. वर्षातल्या एका तासासाठी साठपट यंत्रणा का उभारायची? उभारू नयेच. माझा युक्तिवाद लाट सपाट करण्याचा आहे, आणि लाट सपाट करायला परिपत्रक पुरते. राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत. त्यांचे तीन गट करून तीन दिवस दिले तर पहिल्या पाच मिनिटांचा भार साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. लातूर विभाग बुधवारी, मुंबई गुरुवारी. सीबीएसईची मुले त्यांच्या शाळेच्या जिल्ह्याबरोबर.

यावर तिसरा आक्षेप लगेच येतो : आमच्या मुलाला एक दिवस उशिरा का? मराठवाड्यात हा प्रश्न अधिक तिखट विचारला जाईल, कारण 'आधी त्यांना, मग आम्हाला' हे इथे फार वेळा ऐकलेले आहे. म्हणून मराठवाड्याचे विभाग पहिल्या गटात ठेवावेत. पण मूळ उत्तर तेच : यादी गुणांवर लागते, आणि ती सगळ्या विभागांचे अर्ज आल्यानंतरच लागते. हे वाक्य परिपत्रकाच्या सातव्या मुद्द्यात दडलेले असते. ते पोर्टलच्या पहिल्या पानावर, सर्वांत मोठ्या अक्षरांत हवे.

७. करारात काय लिहावे

निविदांमध्ये 'एक लाख समवर्ती वापरकर्ते' अशी अट असते. तिला काही अर्थ नाही. एक लाख जण मिनिटाला एक पान उघडत असतील तर भार वेगळा, पाच सेकंदांना एक उघडत असतील तर बारापट वेगळा. पुरवठादार पहिल्या प्रकारे टेस्ट करून अट पूर्ण झाल्याचे दाखवू शकतो, आणि त्यात त्याने खोटे काहीच केलेले नसते. अट अशी हवी : पाच मिनिटे सेकंदाला शंभर नवे विद्यार्थी, पुढे तासभर सेकंदाला ४२. प्रत्येकाने नोंदणीपासून 'जतन करा'पर्यंतची सगळी वाट चालायची. शंभरांतल्या ९९ रिक्वेस्टना तीन सेकंदांच्या आत उत्तर आणि दहा हजारांत एकाहून अधिक अपयश नाही. टेस्टच्या डेटाबेसमध्ये बारा लाख विद्यार्थ्यांच्या काल्पनिक नोंदी आधीच भरलेल्या असाव्यात, कारण रिकाम्या टेबलवर कोणतीही क्वेरी वाऱ्यासारखी धावते. त्यानंतर भार हळूहळू वाढवत यंत्रणा मुद्दाम पाडायची आणि ती कितीवर पडली, पडल्यावर किती मिनिटांत उठली, हे दोन आकडे लिहून घ्यायचे. दारावरच्या पन्नास हजारांच्या मर्यादेचा आकडा इथूनच येतो. हे सगळे मुहूर्ताच्या दोन आठवडे आधी, पुरवठादाराशी संबंध नसलेल्या माणसांकडून. दोन दिवस आधी घेतलेल्या टेस्टमध्ये दोष सापडला तर तो दुरुस्त करायला वेळ उरत नाही, आणि तारीख जाहीर झालेली असल्यामुळे तो दोष कोणाला सांगायचे धाडसही होत नाही.

एक लाट मात्र गट पाडूनही उरते, ती शेवटच्या दिवसाची. उद्घाटनाची गर्दी भीतीतून येते, मुदतीची गर्दी सवयीतून आणि खऱ्या अडचणींतून. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, तहसीलचे हेलपाटे यांत अडकलेली मुले त्या दिवशीच येणार. मुदत वाढवली की हीच लाट नव्या शेवटच्या दिवशी जाऊन उभी राहते. त्याऐवजी मुदतीचा अर्थ बदलता येतो : ठरलेल्या वेळेपर्यंत ज्याने खाते उघडले त्याला उरलेला अर्ज पूर्ण करायला पुढचे ४८ तास. खाते उघडायला दोन-तीन मिनिटे लागतात. लिटलच्या नियमाने पाहिले तर आतला वेळ पंचवीस मिनिटांवरून तीनवर आला, म्हणजे तेवढ्याच मुलांची आतली गर्दी आठव्या हिश्शावर आली. पसंतीक्रम पुढच्या दोन दिवसांत विखरून भरले जातील. त्यासाठी गुणवत्ता यादीची तारीख दोन दिवस पुढे सरकेल. ते वेळापत्रक जाहीर करतानाच सांगून टाकावे.